टेपचं टोक : एका प्रतिक्रियेला उत्तर

"मॅडम, पगार दुय्यम आणि साईट महत्त्वाची, हे ऑफिस चालवणाऱ्यांना बोलायला सोपं आहे. साईट म्हणजे टेपचं टोक धरायचं आणि फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. १५ हजारांत कोथरूडला राहून दाखवा. ड्रॉइंग आम्ही काढायचं आणि इन्स्टाग्रामवर नाव तुमचं. तुमच्यासारख्यांमुळेच मुलं हे फील्ड सोडतात."

नमस्कार. नव्या आर्किटेक्टनं पहिली नोकरी निवडताना पगारापेक्षा साईटवर जायला मिळतं का ते आधी बघावं, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली. तिचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही माझ्या ऑफिसात कधी आला नाहीत. इथे कोणाला किती पगार मिळतो, तेही तुम्हाला माहीत नाही. तरी थेट 'तुमच्यासारख्या'? मतभेद जरूर असावेत, पण पाच वर्षं बी.आर्क. केलेल्या माणसाकडून बोलण्याची एवढी तरी रीत अपेक्षित आहे.

एक गोष्ट मान्य करते. साईटवर जाण्यायेण्याचं पेट्रोल ऑफिसनं द्यायला हवं आणि ते लेखात यायला हवं होतं. राहून गेलं.

आता टेपबद्दल. ते वाक्य मला लागलं, कारण मी जे काही शिकले ते त्या टोकापासूनच शिकले. २००३ साली पुण्यातल्या एका ऑफिसात मी नोकरीला लागले. पहिले सात महिने साईट पाहिलीच नाही. एका बंगल्याचा जिना मी काढला होता. स्लॅब ते स्लॅब ३००० मिलिमीटर, २० रायझर म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या उंच्या, प्रत्येकी १५०. हिशेब चोख, सरांची सही झाली, काँक्रीटही पडलं. पुढे एकदा सुपरवायझर रजेवर होता, म्हणून मला टेप धरायला पाठवलं. फरशी झाली होती, पायऱ्यांवर ग्रॅनाइटही बसला होता. माप घेतलं तर पहिली पायरी ११५ भरली, शेवटची १८५ आणि मधल्या सगळ्या बरोबर १५०. वर पोहोचताना माझाच पाय अडखळला.

चूक मिस्त्रीची नव्हती, माझ्या सेक्शनची, म्हणजे जिन्याच्या उभ्या छेदाच्या ड्रॉइंगची होती. खालच्या आणि वरच्या मजल्यावर मसाला आणि फरशी मिळून ७५ चढले, पायऱ्यांवर मात्र ४०च. त्यामुळे खाली ३५ कमी झाले आणि वर ३५ वाढले. काँक्रीट ओततानाच पहिला रायझर १८५ आणि शेवटचा ११५ धरला असता, तर फिनिश झाल्यावर सगळे १५० आले असते. मी रायझर स्लॅबपासून मोजले होते, आणि माणूस चालतो तो फरशीवरून. शेवटी ग्रॅनाइट उखडला, प्रत्येक पायरीवर ३५ मिलिमीटर जादा मसाला भरला आणि दगड नव्यानं बसवला. उखडताना निम्मे दगड फुटले. त्या दिवशी मी तिथे नसते, तर सरांनी लाल पेननं दोन आकडे बदलून दिले असते, मी ते ऑटोकॅडमध्ये टाकले असते आणि पुढच्या बंगल्यात तोच जिना पुन्हा काढला असता.

म्हणून टेप कोणाच्या ड्रॉइंगवर धरतो, यावर सगळं अवलंबून आहे. ज्याचं ड्रॉइंग त्यालाच साईटवर पाठवत असतील, तर टेपचं टोक धरणं हीच शिकवणी. दुसऱ्याच्याच ड्रॉइंगवर कायम तुम्हाला धाडत असतील, तर ते ऑफिस सोडा, माझी ना नाही. हे मुलाखतीतच कळतं. बांधकामाला दिलेल्या ड्रॉइंगचा एखादा जुना सेट मागा आणि टायटल ब्लॉकशेजारचा रिव्हिजनचा रकाना बघा. आर-झिरो म्हणजे पहिलं ड्रॉइंग कोणी काढलं, आर-टू म्हणजे दुसरी दुरुस्ती कशामुळे आली, 'साईटप्रमाणे बदल' लिहिलं असेल तर साईटवर कोण गेलं होतं आणि बदल कोणी केला, हे विचारा. दोन्ही उत्तरांत एकच ज्युनिअर आला तर तिथे शिकायला मिळतं. सेट दाखवायलाच कां-कूं केली, तर तेही एक उत्तरच. इंटिरिअरच्या ऑफिसातही हेच विचारा, फक्त जिन्याच्या जागी वॉर्डरोबचं शॉप ड्रॉइंग घ्या आणि सुताराशी कोण बोलतं ते बघा.

पगाराचं म्हणाल, तर माझा पहिला पगार ४,००० होता आणि मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होते. कोथरूडचं मला सांगू नका. नावाचं म्हणाल, तर नोकरी सोडताना कामं पोर्टफोलिओत कोणत्या शब्दांत दाखवायची ते लेखी घ्यावं, एवढं पुरे. इन्स्टाग्रामवर वाद घालायला मला वेळ नाही.

तुम्ही सध्या एखाद्या जिन्यावर काम करत असाल, तर आजच त्याचं सेक्शन उघडा आणि पहिला रायझर कुठून मोजलाय ते बघा. काँक्रीट पडायच्या आत.