प्रतिक्रियेला उत्तर: न बोलणाऱ्या फिल्मच्या पटकथेत नेमकं काय लिहायचं?

वाचकाची प्रतिक्रिया:

"न बोलणाऱ्या अ‍ॅनिमेशन फिल्मचीही आधी पटकथा लिहावी, हा तुमचा लेख वाचला, पण पटला नाही. फिल्ममध्ये एक शब्द नाही, मग आधी कागदावर शब्द कशाला लिहायचे? थेट स्टोरीबोर्ड काढावा. तरी तुम्ही सांगितलंत म्हणून सांगलीच्या पुरावर तीन पानं लिहिली. आजी, तिचं शिलाई मशीन आणि घरात येणारं पाणी. तीन मिनिटांची फिल्म ठरली होती, पण बोर्डाच्या चौकटी वेळेप्रमाणे जोडून केलेली कच्ची फिल्म, म्हणजे अ‍ॅनिमॅटिक, साडेपाच मिनिटांचं झालं आणि मित्रांना गोष्ट कळलीच नाही. एकाला तर वाटलं आजोबा परत आले. पटकथेचा उपयोग काय झाला? ती तीन पानं सोबत जोडली आहेत, वाचून सांगा."

नमस्कार,

पानं वाचली. थेट स्टोरीबोर्ड काढणारे चांगले लोक आहेत, आणि गोष्ट, चित्र, हालचाल सगळं एकच माणूस करणार असेल तर ते चालूनही जातं. पण प्रसंगांचा क्रम बदलायचा झाला तर कागदावर दोन ओळी खोडाव्या लागतात आणि बोर्डावर तीस चौकटी. त्या तीस चौकटींवर जीव जडलेला असतो, म्हणून माणूस क्रमच बदलत नाही. पटकथा लिहायची ती एवढ्यासाठी.

आता तुमच्या पहिल्या पानावरची ही वाक्यं बघा: "आजीला आजोबांची आठवण येते. मागच्या पुरात सगळं गेलं, हे तरी वाचावं असं तिला वाटतं. मशीन सोडून जायला तिचं मन धजत नाही." कथेत ही वाक्यं शोभतील. पण चित्रकारानं यातलं काय काढायचं? तो खिडकीत बसलेली उदास आजी काढणार, आणि तुमच्या अ‍ॅनिमॅटिकमध्ये तेच झालं असणार. आठवण, कालचा दिवस, "तर", "नाही" या गोष्टी चित्राला थेट दाखवता येत नाहीत. त्यांना एखादी वस्तू किंवा कृती शोधून द्यावी लागते, आणि ते काम पटकथेचं आहे.

मागच्या पुरासाठी तुम्ही आयर्विन पुलावरची पाणीपातळीची मोजपट्टी घेतली आहे, ४५ फुटांवर टेकलेलं पाणी. सांगलीकराच्या पोटात तेवढ्यानं गोळा येतो, कारण ती धोक्याची पातळी आहे हे इथं शाळकरी पोरालाही माहीत असतं. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं तेही कुणी विसरलेलं नाही. पण नागपूरच्या प्रेक्षकाला तो नुसता आकडा. शिवाय वाचावा लागणारा आकडा म्हणजे मागच्या दारानं आलेला शब्दच. त्यापेक्षा पूर येऊन गेलेल्या प्रत्येक घरात असते ती खूण घ्या: भिंतीवरचा गाळाचा आडवा पट्टा. तो एकदा नीट दाखवला की मागचा पूर किती आला होता ते कळतं आणि या वेळी किती येऊ शकतो तेही.

आजोबा परत आल्यासारखे का वाटले, तेही यातच आहे. तुम्ही चाळीस सेकंदांचा भूतकाळ टाकलाय, आजोबा सायकलवरून मशीन आणताहेत. "वीस वर्षांपूर्वी" अशी पाटी लावायची नाही, तर हे आधीचं आहे हे प्रेक्षकाला कोण सांगणार? रंग पिवळट केला तरी कुणाला ते ऊन वाटतं, कुणाला स्वप्न. तेव्हा तो प्रसंग पूर्ण काढा. हार घातलेला फोटो भिंतीवर आला की माणूस गेलाय हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. त्या फोटोत आजोबा याच मशीनवर बसलेले दाखवा. चाळीस सेकंदांचं काम तीनमध्ये होतं.

तुमचीच सुरुवात मी अशी लिहीन:

खोली. भिंतीवर कमरेच्या उंचीला मातकट आडवा पट्टा. पट्ट्याखालचा रंग उडालेला, वरचा निळा. (४ सेकंद)
पट्ट्याच्या वर, हार घातलेला फोटो. फोटोत आजोबा मशीनवर बसले आहेत. (३ सेकंद)
फोटोखाली तेच पायमशीन. लोखंडी पाय गंजलेले, टेबलाची कड फुगलेली, वरचं हेड मात्र काळं आणि चकचकीत. (३ सेकंद)
आजी शिवते आहे. पायडल थांबतं. ती खाली बघते. (४ सेकंद)
उंबऱ्यावरून पाणी आत सरकतं. (३ सेकंद)
आजी पाण्याकडे बघते, मग भिंतीवरच्या पट्ट्याकडे, मग टेबलाकडे. टेबल पट्ट्याच्या खाली आहे. (६ सेकंद)

तेवीस सेकंद झाले. आजी कोण, तिचं काय गेलंय, तिला काय वाचवायचंय आणि किती उंचीवर न्यायचंय, हे सगळं यात आलं. शेवटच्या ओळीवर घाई करू नका. आजी बघते, तिला जे दिसतं ते आपल्याला दिसतं, मग परत तिचा चेहरा. याच साखळीतून प्रेक्षक तिच्या डोक्यात शिरतो. मधलं एक बघणं गाळलं की पुढची कृती आगंतुक वाटते. "आजी अचानक विटा का गोळा करायला लागली?" असं कुणी विचारलं, तर खोट विटांच्या प्रसंगात शोधू नका. ती त्याच्या आधीच्या बघण्यात असते.

विटांचा प्रसंग तुमच्याकडे आहे आणि तोच सगळ्यात जमलेला आहे, पण तो एका ओळीत उरकलाय: "आजी मशीनच्या पायांखाली विटा लावत जाते." वेळेचा घोळ इथून सुरू होतो. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब संवादांच्या पटकथेतला आहे. न बोलणाऱ्या फिल्ममध्ये ही एक ओळ पडद्यावर अर्धा मिनिट खाते आणि घराच्या वर्णनाचे तुमचे अकरा ओळींचे परिच्छेद चार सेकंदांत संपतात. म्हणून पानं मोजू नका. प्रत्येक ओळीपुढे सेकंद लिहा आणि ते अंदाजानं न लिहिता स्टॉपवॉच लावून, ती कृती स्वतः करून लिहा. नवी वस्तू पहिल्यांदा दिसते तिथं साधारण एक सेकंद जास्त ठेवा. तुम्हाला ती ओळखीची असली तरी प्रेक्षकाला ती शोधावी लागते.

तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ४,३२० फ्रेम, आणि एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी २,१६० चित्रं. साडेपाच मिनिटांना हीच चित्रं ३,९६० होतात. हाताने काढणार असाल तर पटकथेतली एकेक सैल ओळ किती महाग पडते ते यावरून कळेल. याच कारणासाठी "पाणी घोंघावत येतं" असं लिहू नका. वाहतं पाणी काढणं जिकिरीचं काम आहे. तुमच्या गोष्टीला पाण्याची पातळी लागते, त्याचा जोर लागत नाही. पायडल बुडलं, मग चाक अर्धं बुडलं, एवढं लिहिलं की झालं.

आता विटा. चार पायांखाली तीन-तीन म्हणजे बारा विटा लागतात. आजीकडे अकराच आहेत असं करा, आणि बारावी वीट पहिल्यापासून तिच्या पायाखाली ठेवा. पाणी आत आल्यावर ती लगेच त्या विटेवर उभी राहते, पाय कोरडे राहावेत म्हणून. पहिला थर लावताना पूर्ण कृती दाखवा: ती टेबलाची एक बाजू खांद्यानं उचलते, पायानं वीट आत सारते. बारा सेकंद. दुसऱ्या थराला तीच कृती सात सेकंदांत, कारण ती आता ओळखीची झाली. तिसऱ्या थराला फक्त शेवटचा पाय दाखवा. वीट नाही. टेबल तिरकं. आजी खोलीभर बघते, मग स्वतःच्या पायाखाली. विटेवरून पाण्यात उतरते आणि ती वीट मशीनला देते.

"मशीन सोडून जायला तिचं मन धजत नाही" हे वाक्य इथं पडद्यावर आलं. पण बारावी वीट जर तिसऱ्या थरालाच पहिल्यांदा दिसली, तर ती प्रेक्षकाला लेखकाची सोय वाटेल. सुरुवातीला तिच्यावर आजीचे पाय दिसायलाच हवेत, आणि मधे एकदा तोल सावरताना पुन्हा.

होडीच्या प्रसंगात होडीवाला आजीशी हातवारे करत बोलतो, त्याचे ओठ हलतात. ते आधी काढून टाका. ओठ हलले आणि आवाज आला नाही की प्रेक्षकाला वाटतं, आपला स्पीकर बंद आहे. "जागा नाही, ओझं घेता येणार नाही" हे होडीनंच सांगू द्या. होडी येते तेव्हा तिची कड पाण्याच्या वर वीतभर आहे. आजीनं पाय ठेवला की चार बोटं उरते. इकडे पाणी भिंतीवरच्या पट्ट्याच्या वर गेलंय, विटा वाया गेल्या. आजी मागे फिरते, चाकावरचा पट्टा उतरवते, मागचे दोन स्क्रू सैल करते आणि हेड उचलून आणते. पायमशीनचं हेड असं निघतं. ओतीव लोखंडाचं ते धूड सहज दहा-बारा किलोचं असतं, तेव्हा आजी ते कमरेत वाकून, पोटाशी धरूनच आणणार. ते होडीच्या कडेवर टेकवताच आत पाणी शिरतं.

आवाज जरूर लिहा, पाऊस, मशीनची खडखड, कडेवरून आत येणारं पाणी. मात्र गोष्ट आवाज बंद करूनही कळली पाहिजे. तपासायला अ‍ॅनिमॅटिक आवाजाशिवाय, ज्यांना गोष्ट माहीत नाही अशा तिघा-चौघांना एकेकट्याला दाखवा. "कळलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "काय झालं ते पहिल्यापासून सांग" म्हणा आणि मधे बोलू नका. "पाणी आलं म्हणून तिनं वीट घेतली" असं सांगितलं तर तो जोड पक्का आहे. "मग तिनं वीट घेतली" असं आलं तर तिथं कारण दिसलेलं नाही, त्या ओळीवर खूण करा. भिंतीवरच्या पट्ट्याला कुणी "डिझाइन" म्हणालं, तर तो जास्त मातकट करा आणि त्याला गाळाचे ओघळ द्या.

शेवट काय करायचा तो तुमचा प्रश्न. आजी हेड पाण्यात सोडेल, किंवा होडीतलं दुसरं कुणी आपलं गाठोडं सोडेल. दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी होडीची कड त्याआधी दोनदा दिसलेली हवी, आणि तुमच्या तिसऱ्या पानावर ती पहिल्यांदा दिसते ते पाणी आत शिरतानाच. आधी तेवढं दुरुस्त करा, सेकंद लिहा, आणि बेरीज १८० च्या वर गेली तर कात्री आजीच्या बघण्याला न लावता पावसाच्या दृश्यांना लावा. ती तुमच्याकडे पाच आहेत, दोन पुरतील.