आंबा बंद, पेरू कितीही? ग्लुकोमीटरसमोर न टिकणारी यादी

“मधुमेह असणाऱ्यांनी आंबा, केळं, चिकू, द्राक्षं, सीताफळ यांना हातही लावू नये. पेरू, जांभूळ, पपई कितीही खाल्ली तरी शुगर वाढत नाही. खात्री करायची तर फळ खाऊन दोन तासांनी मशीनवर बघा, आकडा सगळ्यांना सारखंच सांगेल.”

असा एक फॉरवर्ड फिरतो आहे. त्याची वाक्यं एकेक करून तपासू, सुरुवात बंदीच्या यादीपासून. ही यादी जिभेने बनवलेली आहे. जे जास्त गोड लागतं ते वाईट, एवढाच तिचा निकष. पण मशीन गोडवा मोजत नाही, रक्तातलं ग्लुकोज मोजतं. पिकलेल्या आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण १४ ग्रॅम साखर असते. तिचा निम्मा भाग म्हणजे आपली नेहमीची साखर, सुक्रोज, जी पचताना अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज होते. उरलेल्यातही फ्रुक्टोजच जास्त. सगळं मिळून १०० ग्रॅम गरातून थेट ग्लुकोज म्हणून रक्तात येतं ते साडेपाच-सहा ग्रॅमच्या आसपास. फ्रुक्टोज यकृताकडे जातं आणि मशीनवरच्या आकड्यात त्याचा वाटा फार थोडा असतो. (म्हणून फ्रुक्टोज निरुपद्रवी ठरत नाही. रोज ढीगभर पोटात गेलं तर ट्रायग्लिसराइडचा रिपोर्ट बोलायला लागतो.)

आता वाटीभर भात घ्या, शिजवलेला, १०० ग्रॅम. त्यात २८ ग्रॅम कर्बोदकं, बहुतेक सगळी स्टार्च, आणि स्टार्च पचून फक्त ग्लुकोजच होतं. जिभेला भात अळणी, रक्ताला तो आंब्यापेक्षा गोड. केळं या दोघांच्या मधे बसतं. सोललेल्या १०० ग्रॅम पिकलेल्या केळ्यात कर्बोदकं सुमारे २३ ग्रॅम आणि त्यातलं निम्मं ग्लुकोजच्या रूपात हाती लागतं. म्हणजे वजनाला वजन लावलं तर चवीला आंब्याच्या मागे असलेलं केळं आकडा आंब्यापेक्षा जास्त हलवू शकतं.

यादीत दुसरी उणीव अशी की फळ कशाच्या जोडीला खाल्लं की कशाच्या बदल्यात, हे ती विचारतच नाही. माझ्या सासूबाईंचं उदाहरण देते. वय ६६, औषध फक्त मेटफॉर्मिन, दुपारचं जेवण ठरलेलं: दोन पोळ्या, वाटीभर भात, वरण, भाजी. वहीत लिहिलेले आकडे असे. नुसतं जेवण: आधी १२१, पहिल्या घासापासून एक तासाने २०३, दोन तासांनी १७१. त्याच जेवणावर एक अख्खा हापूस, गर १६० ग्रॅमच्या आसपास: आधी ११८, तासाने २३२, दोन तासांनी १९४. मग भाताची वाटी काढून टाकली आणि तिच्या जागी तोच हापूस: आधी १२३, तासाने १९२, दोन तासांनी १६३.

बाई त्याच, आंबा तेवढाच. भाताच्या वाटीतली २८ ग्रॅम कर्बोदकं गेली आणि आंब्याची २४ आली, तीही निम्म्याहून अधिक फ्रुक्टोज. आकडा थोडा खाली आला यात नवल काही नाही. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांच्या घरी बहुधा दुसरा प्रकार चालतो: पुऱ्या, बटाट्याची भाजी, वर मसालेभात, आणि मग वाटी-दोन वाट्या आमरस, त्यातही चमचाभर साखर. नंतर बदनाम होतो तो आंबा.

बदल्यात खाण्याची ही गोष्ट आमच्या स्वयंपाकघरापुरती नाही. दिल्लीत डॉ. अनूप मिश्रा यांच्या गटाने सफेदा, दशहरी आणि लंगडा या आंब्यांची तुलना पांढऱ्या ब्रेडशी केली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात मधुमेहींमध्येही आंब्याने ब्रेडपेक्षा जास्त ग्लुकोज चढवलं नाही. हापूस त्यात नव्हता, आणि तुलना मोजून-मापून घेतलेल्या आंब्याशी होती, पेटीशी नव्हती.

फॉरवर्डमधलं दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त खटकतं, कारण बंदीमुळे फार तर हौस मरते, पण “कितीही” मुळे आकडा चढतो. पेरूची ख्याती खोटी नाही. १०० ग्रॅम पेरूत पाच ग्रॅमच्या वर तंतू असतात, आंब्यात दीड. पेरू चावावा लागतो, हळू खाल्ला जातो, त्यातलं ग्लुकोज सावकाश सुटतं. सासूबाईंच्या त्याच पूर्ण जेवणावर एक मध्यम पेरू खाल्ल्यावर तासाने २११ आणि दोन तासांनी १७६ आले, म्हणजे नुसत्या जेवणापेक्षा फरक जवळपास नाहीच. पण १५० ग्रॅमच्या पेरूत तंतू वजा जाता १३ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं उरतातच. तिखट-मीठ लावून असे तीन पेरू संपवले की बेरीज हापूसच्या पुढे जाते. आणि पेरूचा रस काढून गाळला की ज्या गोष्टीसाठी पेरू चांगला, तीच गाळणीत राहते.

पपईचं तर “कितीही” मध्ये काय काम आहे, मला कळलेलं नाही. पपई मऊ, तंतू कमी, झटकन पोटातून पुढे सरकते. तिची सोय एवढीच की १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं ११ ग्रॅम, त्यामुळे चार फोडींनी फार बिघडत नाही. जांभळं मूठभर खाल्ली जातात म्हणून ती शहाणी ठरतात. चिकूचं उलटं: १०० ग्रॅमला २० ग्रॅम कर्बोदकं असली तरी तंतू पेरूइतकेच, आणि एक छोटा चिकू ६०-७० ग्रॅमचा असतो. तो एक चिकू कशाला यादीत डांबायचा?

केळ्याबद्दल तर “केळं” एवढं म्हणून भागत नाही. हिरवट केळ्यात बराच स्टार्च असतो आणि त्यातला काही लहान आतड्यात पचतच नाही. सालीवर काळे ठिपके येईपर्यंत तो जवळजवळ सगळा साखर झालेला असतो. त्यामुळे सोमवारी आणलेल्या फण्यातलं एकच केळं सोमवारी आणि शुक्रवारी त्याच माणसात वेगळं वागू शकतं. आकारही पाहा. वेलची केळं सोलून ४०-५० ग्रॅम भरतं, बाजारातलं मोठं केळं त्याच्या दुप्पट-तिप्पट. आणि शिकरण म्हणजे केळं नव्हे. त्यात केळी कुस्करलेली असतात आणि साखर वरून पडते.

आता दोन तासांनी बघायचा सल्ला. रिकाम्या पोटी नुसतं फळ खाल्लं तर ग्लुकोजची उसळी अर्ध्या ते एका तासात येऊन जाते. दोन तासांनी टोचलं तर आकडा बऱ्यापैकी उतरलेला दिसतो आणि “बघा, काही झालं नाही” असं वाटतं. तूप, तळलेल्या पुऱ्या, मलई यांच्याबरोबर तेच फळ गेलं तर स्निग्धामुळे पोट सावकाश रिकामं होतं, शिखर पुढे सरकतं आणि दोन तासांचा आकडा तासाच्या आकड्याइतका किंवा जास्तही येतो. एकाच वेळी बोट टोचून या दोन गोष्टींची तुलना होत नाही. म्हणून जेवणाआधी, तासाने आणि दोन तासांनी असे तीन आकडे हवेत, आणि घड्याळ पहिल्या घासापासून लावायचं, हात धुतल्यापासून नाही.

हात धुण्यावरून आठवलं, आंब्याच्या बाबतीत ही चूक हमखास होते. आंबा कापला, बाठा चोखला, बोटं रुमालाला पुसली आणि त्याच बोटाला टोचलं. रक्ताचा थेंब इवलासा असतो. त्यात कातडीवरचा रस मिसळला की आकडा भलताच वर जातो. जपानमध्ये २०११ साली हे निरोगी माणसांवर तपासलं होतं: संत्रं, द्राक्षं, किवी सोलून हात न धुता घेतलेले आकडे खोटे वर आले आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही ते पुरतं सुधारलं नाही. नळाखाली हात धुतल्यावर मात्र खरे आकडे आले. आंबा खाऊन अचानक ३०० दिसलं तर घाबरण्याआधी साबणाने हात धुवा, कोरडे करा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला टोचा.

मशीनचीही एक मर्यादा आहे. घरगुती ग्लुकोमीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडे-तिकडे चालतं. खरं ग्लुकोज २०० असताना १७५ दिसलं काय किंवा २२५ दिसलं काय, मशीन नापास होत नाही. म्हणजे वरच्या वहीतले २०३ आणि २११ हे वेगळे आकडे मानूच नका. २०३ आणि २३२ मधला फरकसुद्धा एकदाच दिसला असता तर मी त्यावर काही बोलले नसते. तसंच जेवण, तेवढाच आंबा, पुन्हा तोच कल दिसला, म्हणून लिहिते आहे. एका फळाला एका टोचण्यावर दोषी ठरवू नये.

उरलं “सगळ्यांना सारखंच”. इस्राएलच्या वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० जणांना सतत ग्लुकोज मोजणारे सेन्सर लावून पाहिलं. त्यात एका माणसाचा आकडा केळ्याने चढला आणि बिस्किटाने नाही, तर दुसऱ्याचा नेमका उलटा. त्यामुळे शेजारच्या काकांना द्राक्षं सोसतात की नाही, यावरून तुमचं काही ठरत नाही. बरं, तुमचे स्वतःचे आकडेही रोज सारखे नसतात. रात्र जागून काढली असेल, सर्दी-ताप असेल, गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तोच पेरू वेगळा आकडा दाखवतो. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालून आलात तर आंबाही सौम्य वाटतो. दोन फळांची तुलना करायची तर सुरुवातीचा आकडा जवळपास सारखा हवा, जेवण तेच, वेळ तीच, आणि फळ काट्यावर तोललेलं. एक छोटा, एक मध्यम, असं करून कळत नाही.

कुणी हे घरी करून बघणार असेल तर गोळ्यांची चिठ्ठी आधी वाचावी. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी अथवा इन्शुलिन चालू असताना भात-पोळी काढून तिथे वाटीभर पेरू ठेवला तर कर्बोदकं इतकी घटू शकतात की दुपारी चार वाजता हातपाय थरथरतील. अशांनी अदलाबदल डॉक्टरांना विचारूनच करावी. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा: ही औषधं स्टार्च आणि सुक्रोजचं पचन लांबवतात, त्यामुळे त्यांची शुगर खाली गेली तर आंब्याची फोड किंवा चमचाभर साखर वेळेवर कामाला येत नाही. पाण्यात ग्लुकोजची पूडच विरघळवून द्यावी लागते. आणि मूत्रपिंडाचा विकार असेल, रक्तात पोटॅशियम वाढत असेल, तर केळ्याचा प्रश्न ग्लुकोमीटरच्या कक्षेबाहेरचा आहे. तिथे किडनीच्या डॉक्टरांनी केळं बंद सांगितलं असेल तर ते बंदच.