चार पानी पाहुणा

गोव्यात बारा महिने कुठं ना कुठं कार्यक्रम असतोच, आणि माझ्यासारख्या मराठी मास्तराला तिथं पाहुण्यांचा परिचय करून द्यायला उभं करतात. पाहुण्यांचा स्वभाव मला ठाऊक नसतो, ठाऊक असतो तो त्यांचा बायोडेटा. तो व्हॉट्सॲपवर येतो, आदल्या रात्री येतो आणि चार पानांचा असतो. खाली समितीच्या चिटणीसांचा निरोप असतो : ‘सर, सगळें वाचपाक जाय.’

यंदा फोंड्याजवळच्या आमच्या व्याख्यानमालेला एक समुद्रशास्त्रज्ञ यायचे होते. जागा देवळाचा सभामंडप. प्रोजेक्टर नाही, पडदा नाही. पत्र्याच्या छताखाली कर्ण्यातून निघालेला आवाज आधी खांबांना भेटतो, मग लोकांना. बायोडेट्याच्या पहिल्याच परिच्छेदात हा ऐवज होता : एम.एस्सी. (१९८६), पीएच.डी. (१९९३), एफ.एन.ए.एस्सी.; सीएसआयआर-एनआयओ, १९८७–२०१९; ओआरव्ही सागर कन्या, ११ सफरी; ७४ शोधनिबंध; एमओईएसचा २.७५ कोटींचा प्रकल्प.

कागदावर हे झकास दिसतं. डोळा अडला तर मागं जाऊन पुन्हा वाचतो. कानाला ती सोय नाही. ‘सीएसआयआर’ कळेपर्यंत ‘एनआयओ’ निघून गेलेलं असतं, आणि ते शोधायला गेलेला श्रोता थेट चहालाच परततो. शिवाय इंग्रजी अक्षरं नावाला वेगळी. बी, सी, डी, जी, पी, टी, व्ही या सगळ्यांचं शेपूट ‘ई’चं. सुरुवातीचं व्यंजन छतानं गिळलं की सगळी भावंडं सारखी. एम आणि एन तर माइकसमोर जुळेच. गेल्या वर्षी दुसऱ्या एका निवेदकानं डीएसटीचं नाव घेतलं, म्हणजे केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग. पुढच्या रांगेतल्या वाण्यानं ते जीएसटी ऐकलं आणि व्याख्यानभर तो पाहुण्याकडे संशयानं बघत बसला.

म्हणून आद्याक्षरांशी माझं वागणं सरळ आहे : आधी पूर्ण नाव आणि गाव, मग एकदा लघुरूप, आणि पुढं लागलंच तर फक्त लघुरूप. ‘दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे आपली एनआयओ.’ दोनापावलला फिरायला गेलेल्या लोकांनी ती पाटी पाहिलेली असते, त्यामुळे ‘आपली’ म्हटलं की माना हलतात. सीएसआयआर ही तिची पालक संस्था. ती खरी असली तरी परिचयात आई-बापांना आणत नाही. ओआरव्ही म्हणजे संशोधन-जहाज, तेव्हा तसंच म्हणायचं. राहता राहिला उच्चार. इस्रो हा शब्द आहे, यूजीसी ही अक्षरं आहेत, आणि नॅक लिहितात चार अक्षरांत पण बोलतात एका दमात. याला नियम नाही. त्या खात्यातल्या माणसाला विचारायचं. मी सरळ पाहुण्यांनाच फोन लावतो. त्यांना आनंदच होतो, कारण तोवर समितीतलं कुणी त्यांच्याशी गाडीच्या वेळेपलीकडे बोललेलं नसतं.

खरी परीक्षा सालांची. मराठी आकड्यांनी भल्याभल्यांची बोबडी वळवलेली मी पाहिली आहे, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. ७४ वाचताना डोळ्याला आधी सात दिसतो, तोंडाला मात्र आधी ‘चौ’ म्हणायचं असतं. डोळा डावीकडून निघतो, जीभ उजवीकडून. ७९ला तर डोळ्यासमोर सात आणि नऊ, आणि म्हणायचं एकोणऐंशी, ज्यात ऐकू येतो तो आठाचा ऐंशी! त्यात इंग्रजी शाळेत शिकलेली आमची मुलं मधेच ‘नाइन्टीन सेव्हन्टी’ला जातात आणि वाक्य मराठीत संपवतात. म्हणून माझ्या संहितेत एकही आकडा आकड्यात नसतो. ‘एकोणीसशे त्र्याण्णव’ अख्खं अक्षरी लिहायचं. आणखी एक गोम अशी की मराठी संख्येतला दशक शेवटी येतो : सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव. नेमका तिथंच दम संपून आवाज उतरतो, आणि श्रोत्याच्या हाती नुसतं ‘सत्त्या’ लागतं. तेव्हा शेपटावर जोर द्यायचा आणि संख्येनंतर एक श्वास थांबायचं. संहितेत मी तिथं तिरकी रेघ ओढतो.

साल सांगायचंच कशाला, हाही प्रश्न आहेच. १९८७ ऐकून कुणाच्या डोळ्यापुढं काही येत नाही. ‘गोवा घटकराज्य झाला त्याच वर्षी ते नोकरीला लागले’ म्हटलं की म्हातारे लगेच आपापली वयं मोजतात. १९६१ला मुक्ती, १९६७ला जनमत कौल, १९९८ला कोकण रेल्वेची पूर्ण वाट खुली : एवढ्या खुंट्यांवर गोव्यात कुणाचंही आयुष्य टांगता येतं. १९९३ला मात्र जवळपास खुंटी सापडेना, तेव्हा ते सरळ गाळलं. डॉक्टरेट कोणत्या साली मिळाली यावरून आमच्याकडे सोयरीक जुळवायची नव्हती.

२.७५ कोटींसाठी मात्र पूर्वजांना नमस्कार करावा. ‘दोन पॉइंट सात पाच’ म्हणणाऱ्याला मी पावणेतीन हा साधा, टवटवीत शब्द आठवून देतो. सव्वा, दीड, अडीच, पावणे ही बाजारात घासून गुळगुळीत झालेली मापं आहेत, कानात आपसूक शिरतात.

पदव्यांचं माझं तत्त्व चिटणीसांना अजून पटलेलं नाही. नावाआधी ‘डॉक्टर’ आलं की एम.एस्सी. त्यातच आली, जिना चढलेल्या माणसाच्या पायऱ्या कुणी मोजत नाही. ‘एफ.एन.ए.एस्सी.’ म्हणजे राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं फेलो म्हणून केलेली निवड. हा मान आहे, म्हणून तो अर्थासकट सांगायचा. ‘अहो, पाहुण्यांना राग येईल,’ चिटणीस म्हणाले. मी त्यांच्यासमोर फोन स्पीकरवर टाकून पाहुण्यांना विचारलं. ‘दोन मिनिटांत आवरा हो, मला बोलायचंय,’ ते म्हणाले.

तर शेवटी मोठ्या टायपात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून, वाक्य पान उलटताना तुटणार नाही अशा बेतानं कागद तयार झाला तो असा :

‘आजचे पाहुणे समुद्राच्या तळाचा अभ्यास करतात. / दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या एनआयओत, / त्यांनी बत्तीस वर्षं काम केलं. / गोवा घटकराज्य झाला, त्याच वर्षी ते तिथं रुजू झाले. / सागर कन्या या संशोधन-जहाजावरून / ते अकरा वेळा समुद्रात गेले. / केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं / त्यांच्या एका प्रकल्पाला पावणेतीन कोटी रुपये दिले. / राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं त्यांना फेलो म्हणून निवडलं आहे. / टाळ्यांनी स्वागत करू या…’ आणि मग नाव. नाव शेवटी, म्हणजे टाळ्या चुकीच्या जागी पडत नाहीत.

एका वाक्यात एकच आकडा, हे तेवढं बघा. चौऱ्याहत्तर शोधनिबंध गळाले, कारण ते ऐकून घरी कुणी काय नेणार? चिटणीसांनी मात्र ते आभारप्रदर्शनासाठी खिशात ठेवले होते.

व्याख्यान झालं, प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या रांगेतून एक आजी उठल्या आणि माइक नाकारून थेट विचारत्या झाल्या, ‘बाबा, त्या सागर कन्येवर अकरा वेळा गेलास, तिथं तुम्हाला हुमण कोण करून घालायचं?’

पाहुणे खुर्चीवर पुढं सरसावले. चिटणीस माझ्या कानाशी लागले, ‘सर, हें तिसऱ्या पानार ना.’