परफ्यूमच्या स्टिकरबद्दल खुलासा
पुण्यातल्या ग्रुप्सवर फिरतंय: “बॉक्सवर एमआरपीचं स्टिकर नाही म्हणजे परफ्यूम डुप्लिकेट.”

असं नाहीये. ते स्टिकर इथला इम्पोर्टर लावतो, 2011 च्या पॅकेजिंग नियमांमुळे, म्हणून दुबईहून परस्पर आणलेल्या ओरिजिनल बाटलीवर ते बहुतेक नसतंच.

विकणाऱ्याकडे फोटो मागायचा तर बॉक्सच्या आणि बाटलीच्या तळाचा मागा. बॅच कोड दोन्हीकडे सारखा हवा, वेगळा निघाला तर कॉपीचा संशय घ्या. कोड मुद्दाम खरवडलेला दिसला तर तो ग्रे माल, म्हणजे ओरिजिनलच पण कंपनीच्या ठरलेल्या विक्रीबाहेरून आलेला माल, असू शकतो, कारण कोडवरून कुठल्या डीलरकडून माल फुटला ते कंपनीला शोधता येतं. पण कोड जुळला म्हणून खात्री नाही हां, कॉपीवाले एकच खरा कोड सगळ्या बाटल्यांवर छापतात, आणि स्टिकर काय, तेही छापून मिळतं.

तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका.