आधी साइट हलकी करा, व्हीपीएसचं नंतर बघू

"शेअर्ड होस्टिंगवर ॲडमिशनच्या दिवसांत साइट बंद पडणारच. व्हीपीएस घ्या, मग साइट कधी पडणार नाही, हॅकही होणार नाही. प्रत्येक शाळेपर्यंत पोहोचवा."

हा मेसेज माझ्या ताईपर्यंत पोहोचला. नागपुरात मानेवाड्याकडे तिची छोटी शाळा आहे. रात्री साडेदहाला तिचा फोन: "उद्या चेक देऊन टाकू का?" नको, ताई. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, व्हीपीएस म्हणजे सर्व्हरचा आपल्यापुरता वेगळा हिस्सा, एवढाच फरक आहे.

गेल्या वर्षी निवड यादी लागली तेव्हा पालकांच्या मोबाइलवर `508 Resource Limit Is Reached` आलं होतं. शेअर्ड सर्व्हरवर चालणाऱ्या क्लाउडलिनक्स या सिस्टिमच्या अधिकृत माहितीत याचं कारण दिलेलं आहे: एका खात्यात एकाच वेळी किती 'एंट्री प्रोसेस', म्हणजे पान बनवायची कामं, चालतील, याला मर्यादा असते. ताईच्या खात्याला ती २० होती. पहिल्याच मिनिटात १५० पालक आले आणि प्रत्येकाने तीन पानं उघडली असं धरा. म्हणजे सेकंदाला साडेसात पानं. वर्डप्रेसला एकेक पान बनवायला तीन सेकंद लागत होते, म्हणजे एका वेळी २२-२३ पानं बनत होती. मर्यादा तिथेच ओलांडली.

हीच साइट १ जीबीच्या व्हीपीएसवर नेली असती तर? वर्डप्रेस ज्या पीएचपीवर चालतं तिची एक प्रोसेस ६० एमबी धरली तरी २२ प्रोसेसना १३०० एमबी लागतात. मेमरी संपली की लिनक्स बहुधा डेटाबेसच बंद करतं आणि पालकांना दिसतं `Error establishing a database connection`. पैसे जास्त गेले, साइट पडायची ती पडलीच.

उपाय कॅशिंगचा आहे. पान एकदा बनवून एचटीएमएल फाइल म्हणून ठेवायचं आणि वेब सर्व्हरने ती थेट द्यायची, पीएचपीला उठवायचंच नाही. कॅशिंगच्या प्लगइनमध्ये तशी सेटिंग निवडावी लागते. यादी साध्या पीडीएफमध्ये द्या. मग सीपॅनेलच्या `Resource Usage`मध्ये 'फॉल्ट', म्हणजे मर्यादा गाठल्याच्या नोंदी, शून्यावर आले का, ते बघा. आरटीईचे अर्ज तर सरकारी पोर्टलवरच भरले जातात, ती गर्दी शाळेच्या साइटवर येतच नाही.

हॅकिंगचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. साध्या व्हीपीएसवर अपडेट, फायरवॉल, बॅकअप हे सगळं आपल्याच गळ्यात. एका शाळेचा व्हीपीएस लावून देणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. ९० दिवसांचं एसएसएल सर्टिफिकेट आपोआप नवं होण्याची सोय त्याने केलीच नव्हती. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात पालकांना `Your connection is not private` दिसायला लागलं, आणि पासवर्ड शाळेत कोणाकडेच नव्हता. जुनं प्लगइन असेल तर साइट दोन्हीकडे हॅक होऊ शकते.

एवढं मात्र मान्य करतो: शेअर्डवर शेजारच्या साइटचा त्रास होऊ शकतो, आणि फॉर्म व फी साइटवरच घ्यायची असेल तर त्या पानांना कॅशिंग चालत नाही. तेव्हा व्हीपीएस घ्या, पण मॅनेज्ड, म्हणजे देखभाल होस्टिंग कंपनीच करेल असा, आणि सगळे पासवर्ड शाळेच्या कपाटात ठेवून.