मीटिंग हॉलचा दर पहिल्याच मेलमध्ये का लिहायचा

वाचकाची प्रतिक्रिया: "हॉटेलने जवळच्या कंपन्यांना मीटिंग हॉल आणि डे-यूज, म्हणजे दिवसापुरत्या खोलीसाठी पाठवायचा तुमचा नमुना मेल फारच त्रोटक वाटला. ब्रोशर नाही, हॉटेलची ओळख नाही, आणि दर थेट लिहून टाकलाय. दर आधी कळला की अॅडमिनवाले घासाघीस करणारच. डे-यूज खोलीला तर जेमतेम एक ओळ!"

उत्तर:

अॅडमिन मॅनेजरला ट्रेनिंगचा खर्च वरून मंजूर करून घ्यायचा असतो. मेलमध्ये आकडा असेल तर तो तसाच साहेबांकडे पाठवता येतो. नसेल तर कोटेशन मागवत बसावं लागतं आणि मेल मागे पडतो.

मी चाकणच्या एका हॉटेलात सेल्स पाहायचे, तेव्हा आम्ही नुसतं "४० जणांचा हॉल" असं लिहायचो. एका कंपनीने २८ जणांचं ट्रेनिंग ठेवलं. ४० हा आकडा ओळीने खुर्च्या मांडल्या तरचा होता. त्यांना यू-आकारात टेबलं हवी होती, आणि तशी मांडणी केली की तिथे १८ च्या वर माणसं मावत नव्हती. सकाळी साडेआठला बँक्वेटची मुलं टेबलं उचलून पुन्हा मांडत होती आणि ट्रेनर हातात लॅपटॉप धरून उभा होता. ती कंपनी परत आली नाही.

त्यानंतर मजकूर असा केला: "तुमच्यापासून १० मिनिटांवर ट्रेनिंग हॉल. यू-आकारात १८, ओळीने ४०. माणशी १,१०० रुपये, जीएसटी वेगळा. त्यात हॉल, प्रोजेक्टर, दोनदा चहा-बिस्किटं, जेवण. किमान १५ जणांचं बिल." शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. १२ जण आले तरी १६,५०० रुपये ठरलेले. कोणी कमी करा म्हणालं, तर नुसता दर उतरवायचा नाही, एक चहा कमी करून तेवढेच पैसे कमी करायचे. घासाघीस झालीच, तर ती चहावर होते.

डे-यूजबद्दल तुमचं बरोबर आहे, ते मी सविस्तर लिहायला हवं होतं. सकाळच्या विमानाने येऊन रात्री परतणाऱ्या ऑडिटरला दिवसापुरती खोली लागते. पण सकाळी ९ ला खोली द्यायची तर ती आदल्या रात्री रिकामी असावी लागते. आठवड्याच्या मधल्या रात्री हॉटेल भरलेलं असतं, पाहुणे ११-१२ ला निघतात आणि मग हाउसकीपिंग खोली लावतं. म्हणून सरसकट कबूल करू नका. "९ ते ६, आदल्या संध्याकाळी ५ वाजता कन्फर्म करू" असं लिहा. ६ ला खोली सुटली तरच ती आवरून रात्रीच्या पाहुण्याला देता येते. दिवसापुरत्या पाहुण्याचीही नोंद होते, तेव्हा ओळखपत्र आणायला मेलमध्येच सांगा.

ब्रोशर मात्र नकोच, पहिल्या मेलमधली जड फाइल कोणी उघडत नाही. एक फोटो जरूर घाला: यू-आकारात मांडलेला रिकामा हॉल, दारातून काढलेला, खुर्च्या मोजता येतील असा.