इन्सुलिन बर्फात दाबून ठेवू नका

«शुगरवाल्यांनो, पावसाळ्याची पिशवी आत्ताच भरा. लाइट गेली की इन्सुलिन दोन तासांत खराब होतं, म्हणून ते बर्फात दाबून ठेवा. जेवण मिळालं नाही तर इन्सुलिन घेऊच नका. सोबत फक्त शुगर-फ्री बिस्किटं ठेवा.»

या सल्ल्यात पिशवी भरा, एवढं बरोबर आहे. पुढची तिन्ही वाक्यं मात्र घातक आहेत.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं, कारण तिथे ते एक्स्पायरीपर्यंत टिकतं. वापरायला काढलेली बाटली किंवा पेन 25 ते 30 अंशांपर्यंत साधारण चार आठवडे चालतं. नेमके दिवस डब्यातल्या चिठ्ठीवर छापलेले असतात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं आणि वीज गेली. अशा वेळी निव्वळ फ्रीज बंद पडला म्हणून इन्सुलिन फेकायचं कारण नसतं. पुराच्या पाण्यात बुडालेलं पेन किंवा बाटली मात्र पुन्हा वापरू नये.

खरा शत्रू बर्फच आहे. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावरही पूर्ववत होत नाही. तेवढेच युनिट घेऊनही शुगर चढतच राहते. दुधाळ दिसणारं इन्सुलिन तळहातात हलकेच घोळवल्यावर एकसारखं व्हायला हवं. गुठळ्या दिसल्या किंवा काचेला पांढरे कण चिकटले तर ते गेलं. पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन गढूळ झालं तरी तेच. पण नुकसान दरवेळी डोळ्यांना दिसतंच असं नाही, म्हणून गोठल्याची शंका आली तरी नवं उघडा.

मग न्यायचं कसं? पेन झिपच्या पिशवीत घाला, सुती कापडात गुंडाळा आणि कोरड्या रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ठेवा. बर्फाचा स्पर्श नको. पाण्यात भिजवून वापरायचे कूलिंग पाउच मे महिन्यातल्या 45 अंशांत उत्तम काम करतात. पावसाळ्यात मात्र आपल्या कूलरसारखीच त्यांची गत होते, कारण हवा दमट असली की पाणी उडत नाही.

आता जेवण नसेल तर काय? टाइप 1 असेल तर बेसल, म्हणजे दिवसभर पुरणारं इन्सुलिन, उपाशीपोटीसुद्धा बंद करायचं नाही. ते थांबलं की रक्तात कीटोन साठतात. उलट्या, पोटदुखी आणि खोल, जोरजोरात श्वास ही त्याची लक्षणं. अशा वेळी थेट दवाखाना गाठायचा. उलट, दिवसातून दोनदा 30/70 मिक्स, म्हणजे लगेच आणि हळू काम करणारं एकत्र इन्सुलिन, घेणाऱ्याने न जेवता पूर्ण डोस घेतला तर शुगर धाडकन उतरते. तिथे डोस कमी करावा लागतो, पण किती, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पिशवीत ठेवा. गोळ्यांचंही विचारून घ्या: ग्लिमेपिराइडने उपाशीपोटी शुगर उतरते, तर खाणंपिणं तुटलं की डापाग्लिफ्लोझिन सहसा थांबवायला सांगतात.

शुगर-फ्री बिस्किटांचा हट्ट मला सगळ्यात अनाकलनीय वाटतो. शुगर 70 च्या खाली गेली, हात थरथरले, दरदरून घाम फुटला की लगेच रक्तात उतरणारी साखर लागते: तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर फुटाणे, शेंगदाणे, साधी बिस्किटं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका.

आता हिशेब करू. अंबाझरी ले-आउटमधल्या एखाद्या काकू पेनने सकाळी 20 आणि रात्री 14 युनिट घेतात असं धरा. रोजचे 34, आठवड्याचे 238. दरवेळी सुई तपासायला 2 युनिट सोडायचे, त्याचे 28 धरले की 266. पेनच्या एका कार्ट्रिजमध्ये 300 असतात, म्हणजे एक पुरते. तरी दुसरं ठेवाच, कारण एक फुटू किंवा तापू शकतं. रोज चार तपासण्या धरल्या तर 28 स्ट्रिप्स. पंचवीसच्या दोन डब्या घ्या. स्ट्रिप्स मूळ डबीतच, झाकण घट्ट लावून ठेवा, दमटपणाने त्या चुकीचा आकडा दाखवतात. बोटाला गूळ-साखर लागलेली असली तरी आकडा फुगतो, म्हणून आधी हात धुऊन कोरडे करा. शिवाय लॅन्सेट, मीटरचा जास्तीचा सेल आणि सुया टाकायला जाड प्लास्टिकची बाटली.

पेनच्या सुयाही मोजून घ्या, काकूंना आठवड्याला 14. सुया संपल्या की घाईत कुणीतरी लाल टोपीची सिरिंज आणतं आणि कार्ट्रिजमधून इन्सुलिन ओढतं. ती सिरिंज मिलीलिटरला 40 युनिटच्या बाटलीसाठी असते, कार्ट्रिजमधलं इन्सुलिन मिलीलिटरला 100 युनिटचं. सिरिंजवर 20 ची खूण पाहून ओढलं की शरीरात 50 युनिट जातात.